बोट अडकतं मधल्या सांध्यात, दोष असतो तळहातात

सकाळी उठल्यावर करंगळीशेजारचं बोट मिटलेलंच राहतं. दुसऱ्या हातानं ओढलं की ‘कट्’ होऊन झटक्यात सरळ होतं. दिवसभर हात चालू राहिला की थोडं सैल पडतं, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. आमच्याकडं लातूर-बीडच्या ओपीडीत ही तक्रार घेऊन येणारी माणसं हमखास बोटाचा मधला सांधा दाखवतात. ‘हितं अडकतंय बघा, साहेब.’ एक्स-रेही त्याच सांध्याचा काढलेला असतो आणि तेलही तिथंच चोळलेलं असतं. फरक दोन्हींनी पडलेला नसतो, कारण तो सांधा चांगला असतो. बिघाड असतो तळहातात, बोटाच्या मुळाशी.

याला ट्रिगर फिंगर म्हणतात. मनगटाची अंगठ्याकडची बाजू दुखते तो डी क्वेर्व्हेनचा आजारही याच जातीचा, पण त्याचा एक वेगळा पेच आहे. त्याकडे शेवटी येऊ.

आधी आतली रचना. बोट वाकवणारे स्नायू बोटात नसतात. ते कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात आणि त्यांचे टेंडन, म्हणजे चिवट पांढरे बंध, मनगटातून बोटात जातात. प्रत्येक बोटात असे दोन: एक मधल्या पेरापर्यंत, दुसरा टोकाच्या पेरापर्यंत. अंगठ्यात एकच. स्नायूनं ओढ दिली की हे बंध हाडापासून सुटून कातडीकडं उचलले जाणार, हे उघड आहे. तसं होऊ नये म्हणून हाडाला जोडलेले आडवे पट्टे त्यांना जागेवर दाबून धरतात. या पट्ट्यांना पुली म्हणतात. बोटात त्या पाच असतात, ए१ ते ए५, आणि त्यांच्यामध्ये फुलीच्या आकाराचे तीन नाजूक पट्टे. आतून सगळीकडं एक पातळ अस्तर असतं आणि त्यातल्या थोड्याशा स्रावामुळं टेंडन न घासता सरकतात.

पाचही पुल्यांची किंमत सारखी नाही. पहिल्या पेरावरची ए२ आणि मधल्या पेरावरची ए४ या दोन खऱ्या ताकदीच्या. त्या गेल्या तर टेंडन हाडापासून उचलला जातो, वाकवताना कातडीखाली ताणलेला दिसतो आणि मूठ पूर्ण मिटत नाही. ए१ मात्र बोटाच्या मुळाच्या सांध्यासमोर असते आणि ती पूर्ण उघडली तरी बहुतेकांच्या बोटाचं काही बिघडत नाही. ट्रिगर फिंगरमध्ये आजारी पडते ती हीच, हे आपलं नशीब. पुढचं सगळं ऑपरेशन याच नशिबावर चालतं.

आजार कसा होतो ते परकराच्या नाडीवरून कळेल. नेफ्याचं तोंड आवळलं आणि नाडीला गाठ पडली, की गाठ बाहेर ओढता येते पण परत आत जाताना तोंडाशी अडते. इथं ए१ पुली जाड होते आणि तिच्याखालून जाणाऱ्या टेंडनवर फुगवटा येतो. बोट वाकवणारे स्नायू दांडगे असतात, ते फुगवटा पुलीखालून ओढून तळहाताच्या बाजूला बाहेर काढतात. बोट सरळ करणारे स्नायू मानानं कमजोर, त्यांना तो परत आत नेता येत नाही. म्हणून बोट मिटतं, पण उघडताना अडतं. फुगवटा एकदाचा आत घुसला की मधला सांधा एकदम उसळी मारून सरळ होतो आणि माणसाला वाटतं, दोष तिथंच आहे.

काढलेली पुली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तिच्यात कूर्चेसारख्या पेशी तयार झालेल्या दिसतात. लाल, गरम सूज तिथं फारशी नसतेच. दुखणं कमी करणाऱ्या गोळ्यांनी ठणक उतरते पण अडकणं जात नाही, त्याचं कारण हे. महिनोन्महिने त्या गोळ्या खाऊन पोट आणि मूत्रपिंडाला त्रास करून घेण्यात अर्थ नाही.

तपासणी साधी आहे. तळहातावर, त्या बोटाच्या रेषेत, वरच्या आडव्या रेघेजवळ अंगठा दाबून ठेवायचा आणि रुग्णाला बोट उघड-मीट करायला सांगायचं. अंगठ्याखाली वाटाण्याएवढी गाठ पुढं-मागं सरकते आणि तिथंच दुखतं. पुली नेमकी कुठून सुरू होते हे स्वतःच्या हातावरही मोजता येतं. बोटाच्या मुळाशी असलेल्या रेघेपासून मधल्या सांध्याच्या रेघेपर्यंतचं अंतर घ्या आणि तेवढंच अंतर मुळाच्या रेघेपासून तळहातात खाली मोजा. ए१ ची खालची कड साधारण तिथं येते.

अशा बऱ्याच रुग्णांवरून जुळवलेलं एक उदाहरण घेऊ. केज तालुक्यातल्या ५४ वर्षांच्या एक मावशी. शेतात खुरपणी, दिवाळीच्या पुढं-मागं कापूस वेचणी, घरी दोन म्हशींची धार. मधुमेह आठ वर्षांचा, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी ८.६. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट चार महिन्यांपासून अडकतंय आणि आता दुसऱ्या हातानं सोडवावं लागतंय.

मधुमेहाचा इथं थेट संबंध आहे. सर्वसाधारण लोकांत आयुष्यात कधीतरी ट्रिगर फिंगर होण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीन, मधुमेहींत दहाच्या आसपास. त्यांना एकाहून जास्त बोटांत होतं आणि उपचारांना दादही कमी मिळते. खुरपं किंवा कोयता आवळून धरण्यानं आजार सुरूच होतो, असं ठामपणे म्हणता येत नाही. सुरू झालेला त्रास त्यानं वाढतो, हे मात्र रोज दिसतं.

मावशींना मी पहिला प्रश्न विचारतो तो काट्याचा. बाभळीचा काटा किंवा उसाचं कुसळ रुतलं, आणि दोन दिवसांत बोट सगळं एकसारखं सुजून अर्धं वाकलेलं राहिलं, टेंडनभोवतीच्या आवरणाच्या पूर्ण लांबीवर दाबलं तरी दुखतं आणि कुणी हलकेच सरळ करायला गेलं तरी जीव जातो, तर ते ट्रिगर फिंगर नाही. टेंडनच्या आवरणात पू झालेला असतो. तिथं स्टिरॉइडची सुई म्हणजे आगीत तेल. अशा रुग्णाला त्याच दिवशी हाताचं ऑपरेशन होणाऱ्या रुग्णालयात पाठवावं लागतं, मधुमेह असेल तर जास्तच घाईनं. मावशींचं तसं काही नव्हतं.

दुखणं नवं असेल, बोट स्वतःहून सुटत असेल, तर बोटाचं मूळ सरळ धरणारी पट्टी सहा आठवडे लावून पाहणं रास्त आहे. कागदावर ते सोपं वाटतं. म्हशीची धार पट्टी बांधून निघत नाही, म्हणून आमच्याकडं ती बहुतेक रात्रीच लावली जाते. रात्रभर मूठ आवळून झोपण्याची सवय असेल तर तेवढ्यानंही सकाळचं अडकणं कमी होतं. चार महिने जुन्या, हातानं सोडवाव्या लागणाऱ्या बोटाला पट्टीचा भरवसा मी देत नाही.

सुई कुठं, किती, कशी

अशा बोटाला स्टिरॉइडची सुई देतात. औषध बहुतेक वेळा ट्रायमसिनोलोन, १० ते २० मिलिग्रॅम. मिलिलिटरला चाळीस मिलिग्रॅमच्या बाटलीतलं अर्धा मिलिलिटर औषध आणि तेवढंच बधिर करणारं लिग्नोकेन, म्हणजे एकूण एक मिलिलिटर. एवढ्याशा जागेत याहून जास्त भरण्याची गरज नसते. सुई बारीक, २५ किंवा २६ गेजची.

तळहात वर करून टेबलावर ठेवतात, कातडी स्वच्छ करतात. मघाशी मोजलेल्या जागी, बोटाच्या मध्यरेषेवर, सुई साधारण ४५ अंशांत तिरकी, टोक बोटाच्या शेंड्याकडं ठेवून आत घेतात. मध्यरेषा सोडायची नाही, कारण दोन्ही कडांनी बोटाच्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. सुई टेंडनला टेकली असं वाटलं की रुग्णाला बोटाचं टोक थोडंसं हलवायला सांगतात. सुई बोटाबरोबर डुलली तर टोक टेंडनच्या आत आहे. अशा वेळी औषध ढकलायचं नाही. सुई अगदी किंचित मागं घेत दट्ट्यावर हलका दाब ठेवायचा. टोक टेंडनमधून बाहेर आलं की दट्ट्या एकदम सहज पुढं जातो. औषध तिथं सोडायचं. जोर लावावा लागत असेल तर जागा चुकली आहे, एवढा एक नियम पाळला तरी टेंडनला इजा होण्याचा धोका फार कमी होतो.

औषध आवरणाच्या आतच गेलं पाहिजे, असा पूर्वी आग्रह असायचा. आवरणाच्या बाहेर, पुलीला लागून पडलेल्या औषधानंही जवळपास तसाच गुण येतो, असं अभ्यासांत आढळलं आहे. म्हणून आत शिरण्यासाठी टेंडन टोचत बसण्यापेक्षा त्याला न दुखवता जवळ पोचणं मला महत्त्वाचं वाटतं.

लिग्नोकेनमुळं बोट तासभर बधिर राहतं, मग दोन-तीन दिवस थोडं ठणकतं. खरा फरक आठवडा ते तीन आठवड्यांत कळतो, त्यामुळं तिसऱ्या दिवशी ‘इंजेक्शन फेल गेलं’ म्हणून परत यायचं कारण नाही. मधुमेह नसलेल्या शंभरांतल्या साठ-सत्तर जणांना एका इंजेक्शननं आराम पडतो. मधुमेहींत हा आकडा निम्म्याच्या आसपास येतो, इन्सुलिनवर असणाऱ्यांत त्याहून खाली.

मावशींची उपाशीपोटीची साखर इंजेक्शनच्या दिवशी १६८ होती, दुसऱ्या दिवशी २७०. पाचव्या दिवशी ती परत पहिल्या जागी आली. हे आधी सांगितलेलं असलं की घबराट होत नाही. ज्यांची साखर आधीच अडीचशे-तीनशेच्या घरात आहे, त्यांना मी ती ताब्यात आल्यावरच सुई देतो. तो आठवडा घरी साखर तपासायची आणि ज्या डॉक्टरांकडं मधुमेहाचे उपचार चालू आहेत त्यांना कळवून ठेवायचं.

तिसऱ्या आठवड्यात मावशींचं बोट मोकळं झालं. पाच महिन्यांनी, वेचणीच्या हंगामात, पुन्हा अडकलं. इथं दुसरं इंजेक्शन देता येतं, पण प्रत्येक पुढच्या सुईला यश कमी मिळतं, आणि एकाच जागी पुन्हापुन्हा स्टिरॉइड दिल्यानं टेंडन कमजोर होऊन तुटल्याच्या नोंदी आहेत, विरळ असल्या तरी. एका बोटाला दोन, फार तर तीन, याच्या पुढं मी जात नाही. मधुमेही रुग्णात एकदा आराम पडून परत आलं असेल तर ऑपरेशनचं बोलणं मी तेव्हाच काढतो. इंजेक्शन आणि ऑपरेशन यांत निदान महिनाभर, शक्यतो तीन महिने अंतर ठेवायचं, नाहीतर जखम पिकण्याची शक्यता वाढते.

पुली उघडणं

हे ऑपरेशन पूर्ण भूल न देता, फक्त तळहात बधिर करून होतं. लिग्नोकेनमध्ये थोडं अ‍ॅड्रेनलीन मिसळून टोचलं आणि अर्धा तास थांबलं, की रक्तस्राव इतका कमी होतो की दंडाला पट्टा आवळावा लागत नाही. बोटात अ‍ॅड्रेनलीन द्यायचंच नाही असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. ते जुनं झालं. सध्याच्या सौम्य प्रमाणात ते सुरक्षित आहे आणि गरज पडलीच तर त्यावर उतारा देणारं औषधही आहे. याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे रुग्ण जागा असतो आणि टेबलावरच बोट हलवून दाखवू शकतो.

तळहातावर एक ते दीड सेंटिमीटरचा छेद. त्याखालची चरबी कापायची नाही, बोथट टोकाच्या कात्रीनं बाजूला सारायची, म्हणजे दोन्ही कडांच्या नसा सांभाळल्या जातात. खाली आडव्या चकचकीत धाग्यांची पांढरी पुली दिसते, लांबीला सुमारे एक सेंटिमीटर. ती मधोमध, बोटाच्या दिशेनं, पूर्ण उघडायची. नेफ्याचं तोंड उसवलं, बस. टेंडनवरच्या फुगवट्याला हात लावायची गरज नसते, वाट मोकळी झाली की तो हळूहळू ओसरतो.

कौशल्य आहे ते कुठं थांबायचं यात. कमी कापलं तर अडकणं राहतं, जास्त कापलं तर ए२ ला धक्का लागतो. म्हणून पुली उघडल्यावर मावशींना सांगितलं, ‘मूठ मिटा, उघडा, आठ-दहा वेळा.’ बोट एकदाही अडकलं नाही. अडकलं असतं तर ए१ च्या खाली तळहाताच्या पडद्याचा एखादा आडवा पट्टा आड येतोय का ते पाहिलं असतं. त्यानंही भागलं नाही तर मधल्या पेरापर्यंत जाणाऱ्या टेंडनची एक पाकळी काढून आत जागा केली जाते. संधिवाताच्या, म्हणजे रुमेटॉइडच्या रुग्णांत हा हिशेब बदलतो. त्यांची बोटं आधीच करंगळीकडं झुकत असतात आणि ए१ कापली तर झुकणं वाढतं. त्यांच्यात पुली राखून आतलं सुजलेलं अस्तर काढतात.

छेद न देता १८ गेजच्या सुईच्या टोकानंही पुली कापता येते. मधल्या बोटात आणि शेजारच्या अनामिकेत ते चांगलं जमतं. अंगठ्यात मी ते करत नाही. अंगठ्याची बाहेरच्या बाजूची नस नेमकी मुळाच्या रेघेपाशी, कातडीच्या लगेच खालून, तिरकी ओलांडून जाते. न दिसणाऱ्या सुईसमोर ती येणं ही साधी शक्यता नाही.

मावशींना पट्टी केली ती बोटं मोकळी ठेवूनच. त्याच संध्याकाळपासून मूठ मिटायची, उघडायची. टाके बारा दिवसांनी निघाले. तळहातावरचा व्रण महिना-दीड महिना दाबल्यावर दुखतो, म्हणून खुरपं आणि धार चार आठवडे बंद. त्यांचा मधला सांधा ऑपरेशनआधीच पंधरा अंश वाकलेला राहत होता. तो टाके निघाल्यावरही तसाच होता. पुली उघडल्यानं वाट मोकळी होते, पण महिनोन्महिने आखडलेला सांधा व्यायामानंच सुटतो आणि त्याला दोन-तीन महिने लागतात. बोटाची एक बाजू बधिर राहिली किंवा जखम लाल होऊन ठणकायला लागली तर मात्र वाट बघायची नाही.

लहान मुलांचा अंगठा वाकलेला राहतो तो आजार नावापुरताच सारखा आहे. त्यात इंजेक्शन देत नाहीत. बऱ्याच मुलांत तो काही वर्षांत आपोआप सुटतो, उरलेल्यांत छोटं ऑपरेशन पुरतं.

मनगटाची अंगठ्याकडची बाजू

स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेला हा आजार आमच्याकडं जास्त दिसतो तो बाळंतपणानंतर. बाळाला काखेत दोन्ही हात घालून, अंगठे ताठ ठेवून दिवसातून कितीदा उचललं जातं ते मोजून बघा. मनगटाच्या मागच्या बाजूला टेंडनचे सहा कप्पे असतात. त्यातला पहिला अंगठ्याकडच्या हाडाच्या उंचवट्यावर आहे. त्यातून दोन टेंडन जातात: एक अंगठा बाजूला नेणारा जाड, दुसरा अंगठ्याचा मधला सांधा उचलणारा बारीक. कप्प्याचं छत जाड झालं की दोघंही घासतात.

अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडं वाकवलं की कळ येते, ही चाचणी सगळ्यांना माहीत आहे, पण ती जोरात केली तर चांगल्या हातालाही दुखतं. उंचवट्यावर बोट ठेवून दाबल्यावर दुखणं हे मला जास्त विश्वासाचं वाटतं. दुखरी जागा त्याहून पुढं, अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यात असेल तर तो झिजेचा आजार असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे.

मघाशी म्हटलेला पेच असा, की पुष्कळ लोकांत या एका कप्प्यात मध्ये पडदा असतो आणि बारीक टेंडन स्वतंत्र खोलीत असतो. ऑपरेशनपर्यंत पोचलेल्या रुग्णांत तर असा पडदा निम्म्याच्या आसपास सापडतो. इंजेक्शन जाड टेंडनच्या खोलीत गेलं आणि आजार बारीकच्या खोलीत असला, तर औषध चांगलं असूनही गुण येत नाही. सोनोग्राफीत पडदा दिसतो. पहिलं इंजेक्शन वाया गेलं असेल तर दुसरं सोनोग्राफीत बघून द्यावं, असं माझं मत आहे.

इथं कातडीखाली चरबी नसल्यातच जमा. ट्रायमसिनोलोन जरा वर पडलं तर कातडीवर पांढरा डाग आणि खड्डा पडतो. सावळ्या कातडीवर तो उठून दिसतो आणि जायला महिने लागतात. तरुण आईला हे आधी सांगायला हवं. कित्येकींचं दुखणं अंगावर पाजणं कमी झालं की आपोआप ओसरतं, म्हणून अंगठ्यासह मनगट धरणारा पट्टा आणि बाळ उचलायची पद्धत बदलणं (तळवे वर करून, बुडाखाली हात घालून) आधी करून बघावं. एका छोट्या इंजेक्शनसाठी पाजणं बंद करायची गरज नसते. काहींचं दूध दोन-चार दिवस कमी होऊ शकतं.

ऑपरेशनची वेळ आलीच तर तीन गोष्टींवर निकाल ठरतो. छेदाच्या खालीच एक नस अंगठ्याच्या पाठीकडं जाते. तिला इजा झाली तर अंगठ्याच्या पाठीला मुंग्या आणि करंट बसल्यासारख्या झिणझिण्या राहतात, आणि हे दुखणं मूळ आजारापेक्षा वाईट. कप्प्याचं छत मधोमध न कापता हाताच्या पाठीकडच्या कडेनं उघडतात, म्हणजे तळव्याकडचा भाग आडोसा म्हणून राहतो. तो नसेल तर मनगट वाकवताना टेंडन हाडावरून कटकन घसरतो. तिसरी चूक सगळ्यात सोपी आहे. जाड टेंडन बहुतेकांत दोन-तीन पदरांचा असतो, ते पदर बघून ‘दोन्ही टेंडन मोकळे झाले’ असं वाटतं आणि बारीकची खोली तशीच बंद राहते. खात्री करायला एकेक पदर चिमट्यानं हलकेच ओढतात. अंगठ्याचा मधला सांधा उचलला गेला तर तो बारीक टेंडन. एकाही पदरानं तो उचलला जात नसेल तर पडद्यामागची खोली अजून शोधायची आहे. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनीही दुखणं जसंच्या तसं असेल, तर सर्जनला पहिला प्रश्न हाच विचारावा.